एम्प्लॉयमेंट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी कंपनीचं पत्र: पगार किती लिहायचा, गरज कशी दाखवायची

प्रश्न: चाकणला आमची ऑटो पार्ट्सची कंपनी आहे, एचआर मी एकटीच बघते. आमचे एक जपानी इंजिनिअर दोन वर्षांपासून इथे आहेत आणि त्यांचा एम्प्लॉयमेंट व्हिसा 31 ऑगस्टला संपतोय. परदेशी नागरिकांची नोंदणी बघणाऱ्या कार्यालयाला, म्हणजे एफआरआरओला, कंपनीचं लेटर द्यायचंय. मागच्या वर्षीच्या लेटरवर तारीख बदलली तर चालेल का? पगाराचा काही भाग त्यांना जपानहून मिळतो आणि फ्लॅट कंपनीने भाड्याने घेऊन दिलाय, मग पगार किती लिहायचा? आणि ‘यांची अजून गरज आहे’ हे नेमकं कसं लिहितात?

उत्तर:

नुसती तारीख बदलून नाही चालणार. मागच्या वर्षीचं पत्र एफआरआरओकडे जमा आहे. ई-एफआरआरओ पोर्टलवर नवा अर्ज आला की जुना अर्ज आणि त्याला जोडलेले कागद अधिकाऱ्याला बघता येतात. त्या पत्रात तुम्ही बहुधा लिहिलं असेल की हे साहेब आमच्या लोकांना शिकवताहेत आणि वर्षभरात स्थानिक टीम तयार होईल. तेच वाक्य नव्या तारखेने गेलं, तर वाचणारा विचारणारच की मागचं वर्ष कुठे गेलं. बऱ्याच कंपन्यांच्या फायली नेमक्या इथे अडकतात.

हे पत्र वाचणाऱ्याला तुमच्या माणसाच्या कौतुकात रस नसतो. त्याच्यासमोर पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र, फॉर्म 16, रिटर्नची पावती आणि घराचा भाडेकरार असतो, आणि तुमचं पत्र तो या सगळ्यांशी ताडून बघतो. म्हणून पत्रातलं प्रत्येक वाक्य फायलीतल्या कुठल्या तरी कागदाला टेकलेलं हवं. ज्याला कागद नाही ते वाक्य काढून टाका, पत्र आपोआप पानभराचं होईल.

पगारापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी गृह मंत्रालयाची अट आहे की पगार वर्षाला किमान 16.25 लाख रुपये असावा. (पूर्वी ही मर्यादा 25,000 अमेरिकी डॉलर होती, जुने नमुने बघाल तर तोच आकडा सापडेल. तो उचलू नका.) काही जणांना यातून सूट आहे: त्या त्या देशाचं जेवण बनवणारे आचारी, इंग्रजी सोडून इतर परदेशी भाषांचे शिक्षक आणि दुभाषे, दूतावासातले कर्मचारी. तुमचे साहेब दुभाषे असते तर हा परिच्छेद सोपा झाला असता, पण ते इंजिनिअर आहेत, तेव्हा अट लागू आहे.

या 16.25 लाखांत काय धरायचं, तेही ठरलेलं आहे. रोख मिळणारा पगार आणि भत्ते धरायचे. त्यावर कंपनीने दिलेल्या सोयीसुविधांची किंमत धरता येते, पण आयकरासाठी पगारात जितकी मोजली जाते तितकीच. जी सुविधा आयकरात पगार म्हणून येत नाही ती इथेही येत नाही. शिवाय रोख पगार किती आणि सुविधांची किंमत किती, हे दोन्ही आकडे करारपत्रातच वेगवेगळे लिहिलेले असायला हवेत.

आता तुमच्यासारखंच एक उदाहरण मांडतो. समजा भारतातला रोख पगार महिन्याला 1,10,000 रुपये, म्हणजे वर्षाला 13.20 लाख. फ्लॅटचं भाडं कंपनी महिन्याला 45,000 भरते, म्हणजे वर्षाला 5.40 लाख. एचआरवाले इथे सरळ बेरीज करतात: 13.20 अधिक 5.40, झाले 18.60 लाख, मर्यादेच्या वर, प्रश्न मिटला. पत्रात ‘वार्षिक पॅकेज 18.60 लाख’ असं ठोकून देतात.

पण कंपनीने घर भाड्याने घेऊन कर्मचाऱ्याला दिलं, तर आयकरात त्या सुविधेची किंमत भरलेलं भाडं किंवा पगाराच्या 10 टक्के, यांत जे कमी असेल ते धरतात. (1 सप्टेंबर 2023 आधी हे 15 टक्के होतं, त्यामुळे जुन्या एक्सेल शीटवर विसंबू नका.) 13.20 लाखांचे 10 टक्के म्हणजे 1.32 लाख. भाडं 5.40 लाख असलं तरी हिशोबात येतात 1.32 लाखच. एकूण झाले 14.52 लाख, म्हणजे मर्यादेच्या खाली. पत्र म्हणतंय 18.60 आणि फॉर्म 16 म्हणतोय 14.52, आणि दोन्ही कागद तुम्हीच जोडलेत! वाचणारा फॉर्म 16 खरा मानणार, पत्र नाही.

तुमच्या बाबतीत जपानहून येणारा भाग इथे कामाला येतो. समजा मूळ कंपनी त्यांच्या जपानमधल्या खात्यात जे येन भरते त्याचे वर्षाला 6 लाख रुपये होतात. काम भारतात होतंय, त्यामुळे पैसे टोकियोच्या खात्यात पडले तरी भारतात केलेल्या कामाचा तो पगार इथे करपात्र आहे. तुम्ही त्यावर टीडीएस कापला असेल, तर रोख पगार 13.20 अधिक 6, म्हणजे 19.20 लाख झाला. घराची किंमतही आता 19.20 लाखांच्या 10 टक्क्यांनी, म्हणजे 1.92 लाख धरायची. बेरीज 21.12 लाख. रोख पगारच मर्यादेच्या वर असल्यामुळे घराचा आधार घ्यायचीही गरज उरत नाही. येनचे रुपये करताना टीडीएससाठी जो दर वापरला तोच पत्रात वापरा. गूगलवर आजचा दर बघून नवा आकडा काढलात, तर तो फॉर्म 16 शी जुळणार नाही आणि विनाकारण शंका येईल.

जपानच्या भागावर टीडीएस कापलेलाच नसेल, तर पत्र बाजूला ठेवा आणि आधी सीएकडे जा. पत्रात तो भाग लिहिला तर कर चुकवल्याची कबुली होते आणि लपवला तर पगार मर्यादेखाली दिसतो. यातून शब्दांच्या कसरतीने सुटता येत नाही. कर आणि व्याज भरून, रिटर्न दुरुस्त करूनच अर्ज करावा लागतो. मुदतवाढ देताना आयकर विवरणपत्र भरलंय का हे बघतातच, ते कधी तरी उघडकीला येणारच.

रिटर्नवरून वेळापत्रकाचंही सांगतो. फॉर्म 16 जूनच्या मध्यापर्यंत हातात येतो आणि रिटर्नची साधारण मुदत 31 जुलै असते. तुमचा व्हिसा ऑगस्टअखेर संपतोय, तेव्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात रिटर्न भरून मग अर्ज केलात तर ताजी पावती जोडता येईल. आणि पगाराच्या स्लिपवर पीएफची कपात दिसत नसेल तर तोही प्रश्न येऊ शकतो. जपानशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे. त्यांच्याकडे जपानचं कव्हरेज सर्टिफिकेट, म्हणजे ते तिथल्या सामाजिक सुरक्षा योजनेत असल्याचा दाखला, असेल तर इथे पीएफ कापावा लागत नाही, फक्त त्याची प्रत जोडा.

पदाबद्दल फार लिहायला नको. करारपत्रात आणि मूळ व्हिसाच्या कागदांत जे पदनाम आहे, अक्षर न बदलता तेच पत्रात यायला हवं. पहिल्या वर्षी ‘टेक्निकल ॲडव्हायझर, डाय कास्टिंग’ होतं आणि मधल्या काळात तुम्ही त्यांना ‘सीनियर मॅनेजर’ केलं असेल, तर दोन्ही पदं, बदलाची तारीख आणि ‘कंपनी तीच, काम तेच’ हे लिहा आणि बढतीचं पत्र जोडा. जुनं पद गुपचूप पुसून नवं लिहिलं, की नोकरी बदलल्यासारखं दिसतं. भारतात एम्प्लॉयमेंट व्हिसावर मालक बदलणं साधारणपणे चालत नाही, मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्यातल्या बदलालाही वेगळी परवानगी लागते. म्हणून कंपनीचं नाव मध्यंतरी बदललं असेल, तर कंपनी निबंधकाने दिलेलं नावबदलाचं प्रमाणपत्र आवर्जून जोडा.

एक गोष्ट एचआरच्या लक्षात येत नाही. ‘मूळ कंपनीने आमच्याकडे पाठवलेले’ आणि ‘आमचे कर्मचारी’ या दोन शब्दप्रयोगांना करात वेगवेगळे अर्थ लागतात. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या प्रकरणात अशा पाठवलेल्या कर्मचाऱ्यांवर सेवाकराचा निकाल दिला, तेव्हापासून कर खातं अशी कागदपत्रं बारकाईने वाचतं. तुमचं व्हिसाचं पत्रही उद्या त्यांच्या हातात पडू शकतं. तेव्हा करारपत्रात जे नातं लिहिलंय तेच शब्द वापरा आणि मसुदा पाठवण्याआधी सीएला एकदा दाखवा.

आता गरजेचा परिच्छेद. इथे वेळ द्या, कारण हा कुठल्याही नमुन्यातून उचलता येत नाही.

एम्प्लॉयमेंट व्हिसामागचं धोरण असं आहे की ज्या कामासाठी पात्र भारतीय भरपूर मिळतात, त्या नेहमीच्या, कारकुनी किंवा सर्वसाधारण कामांसाठी परदेशी माणसाला हा व्हिसा देऊ नये. म्हणजे अधिकाऱ्याच्या मनातला प्रश्न असा: हे काम इथला माणूस का करू शकत नाही, आणि आणखी वर्षभर का करू शकणार नाही? ‘त्यांचा अनुभव कंपनीसाठी अमूल्य आहे’ या वाक्याने यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ‘असा माणूस भारतात कुठेच नाही’ हे तर लिहूच नका. पुणे परिसरात डाय कास्टिंगचे इंजिनिअर शेकड्याने आहेत, हे चाकणच्या रस्त्यावरून एकदा गेलेल्यालाही कळतं. त्यातून तुमच्या कंपनीने त्याच पदनामाची जाहिरात नोकरीच्या साइटवर टाकलेली असेल, तर विचारायलाच नको.

खरं कारण बहुतेक वेळा बरंच अरुंद असतं आणि अरुंद कारणच पटतं. त्यासाठी प्लांट हेडबरोबर अर्धा तास बसा. त्यांना ‘साहेबांची गरज का’ असं विचारलंत तर ‘ते गेले तर लाइन बंद पडेल’ असं काही तरी ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा: मागच्या वर्षी त्यांनी काय पूर्ण केलं? काय राहिलं? का राहिलं? ते आपल्यापैकी कोणाला शिकवताहेत? त्या माणसाला आज काय जमतं आणि काय जमत नाही?

समजा उत्तरं अशी मिळाली. कंपनीत मूळ कंपनीच्या तंत्राने चालणाऱ्या डाय कास्टिंगच्या दोन लाइन बसवायच्या होत्या. पहिली गेल्या वर्षी सुरू झाली, ग्राहकाने तिच्या पार्टला मंजुरी दिली आणि आज ती भारतीय इंजिनिअर चालवताहेत. दुसऱ्या लाइनची मशीन उशिरा आली, त्यामुळे चाचण्या आता चालू आहेत. तिथे कास्टिंगच्या आत हवेची छिद्रं राहताहेत. डायमधली हवा खेचणारी व्हॅक्यूम यंत्रणा आणि डायचं तापमान यांचा मेळ बसवायचं काम साहेब करताहेत. ही यंत्रणा मूळ कंपनीची आहे आणि तिचं प्रशिक्षण जपानमध्येच होतं. आपले दोन इंजिनिअर त्यांच्या हाताखाली आहेत. त्यांतला एक पहिल्या लाइनचं सेटिंग स्वतः करतो, दुसऱ्या लाइनचं अजून नाही.

झाला परिच्छेद तयार. यात गेल्या वर्षीच्या आश्वासनाचा हिशोब आहे, उरलेलं काम आहे, ते का उरलं ते आहे, आणि कागदही आहेत: ग्राहकाचं मंजुरीपत्र, मशीन आल्याचं बिल ऑफ एंट्री, प्रशिक्षणाचं वेळापत्रक. सगळे जोडायची गरज नाही. मशीन आल्याची तारीख दाखवणारा एक कागद मात्र जोडा, उशिराचं कारण त्याच्यावर उभं आहे.

परिच्छेद लिहिताना एक पथ्य पाळा. वाचणारा माणूस इंजिनिअर नाही. गेट व्हेलॉसिटी, इंटेन्सिफिकेशन प्रेशर वगैरे लिहिलंत तर तो पुढे वाचणार नाही. ‘कास्टिंगच्या आत हवेची छिद्रं राहतात’ हे कोणालाही कळतं.

पत्र जातं इंग्रजीत, पण आशय काय असावा ते कळावं म्हणून मराठीत मांडतो. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह. पोर्टलवर तुमच्या पत्त्यासाठी जे कार्यालय दिसतं त्याच्या नावे. विषयात कर्मचाऱ्याचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसं, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसा क्रमांक. पुढे मजकूर:

‘वरील कर्मचारी आमच्या कंपनीत 1 सप्टेंबर 2024 पासून टेक्निकल ॲडव्हायझर (डाय कास्टिंग) या पदावर आमच्या चाकण येथील कारखान्यात काम करत आहेत. त्यांचा एम्प्लॉयमेंट व्हिसा 31 ऑगस्ट 2026 रोजी संपत आहे. तो 31 ऑगस्ट 2027 पर्यंत वाढवून मिळावा अशी विनंती आहे. त्यांचा करार या संपूर्ण काळासाठी नूतनीकृत केला असून प्रत सोबत जोडली आहे.

आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये त्यांना रोख पगार व भत्ते मिळून 19,20,000 रुपये दिले. यांतील 13,20,000 रुपये भारतात व उर्वरित 6,00,000 रुपयांइतकी रक्कम जपानमध्ये देण्यात आली. याशिवाय आयकर नियमांनुसार निवासाच्या सुविधेचे मूल्य 1,92,000 रुपये होते. संपूर्ण रकमेवर भारतात टीडीएस कापला आहे. फॉर्म 16 व विवरणपत्राची पावती सोबत आहे. नूतनीकृत करारात हीच वेतनरचना कायम आहे.

मागील मुदतवाढीच्या वेळी नमूद केलेल्या दोन उत्पादन लाइनपैकी पहिली कार्यान्वित झाली असून ती सध्या आमचे भारतीय अभियंते चालवत आहेत. दुसऱ्या लाइनचे यंत्र नियोजनापेक्षा उशिरा, मार्च 2026 मध्ये आले. तिच्या चाचण्या सुरू आहेत. कास्टिंगमधील हवेची छिद्रे टाळणारी यंत्रणा मूळ कंपनीची असून तिची जुळवणी श्री. ... हे करत आहेत. त्यांच्या हाताखाली दोन भारतीय अभियंते प्रशिक्षण घेत आहेत. मुदतवाढीच्या काळात दुसऱ्या लाइनच्या उत्पादनाला ग्राहकाची मंजुरी मिळवणे आणि तिचे काम या अभियंत्यांकडे सोपवणे अपेक्षित आहे.’

शेवटी राहण्याचा पत्ता, कंपनीतर्फे संपर्क करायच्या व्यक्तीचं नाव आणि फोन, आणि अधिकृत सहीदाराची सही, नाव, पद, शिक्का. ज्याला संचालक मंडळाने अधिकार दिलाय त्यानेच सही करायची आणि अधिकारपत्र सोबत लावायचं. माणसाच्या वर्तनाची आणि गरज पडल्यास त्याला परत पाठवण्याची जबाबदारी कंपनी घेते, ते हमीपत्र वेगळं असतं. ते या पत्रात कोंबू नका.

बघा, ‘अपेक्षित आहे’ असं लिहिलंय, ‘नक्की होईल’ असं नाही. पुढच्या वर्षी हेच पत्र कोणी तरी उघडून बघणार आहे. पण पूर्ण मोघमही राहू नका. काम सोपवायचा काही बेतच नसेल, तर ही नोकरी कायमची परदेशी माणसासाठी राखून ठेवलीय असं दिसतं.

करार नूतनीकृत केल्याचं वाक्य पत्रात आहे, म्हणजे त्या करारावर सह्या पत्राच्या तारखेच्या आधी झालेल्या हव्यात. जपानहून सही येईपर्यंत थांबायचा कंटाळा येतो आणि मग पत्र 5 तारखेचं, करार 12 तारखेचा, असं होतं. कराराचा काळ आणि मागितलेली मुदतवाढ यांच्या शेवटच्या तारखाही सारख्या ठेवा. करार मार्चमध्ये संपत असेल तर ऑगस्टपर्यंतची मुदतवाढ मागायला कागदी आधार नाही, मिळालीच तर मार्चपर्यंतचीच मिळेल. फ्लॅटचा भाडेकरार बहुतेक 11 महिन्यांचा असतो, तो मधेच संपलेला नाही ना, हेही बघा. घर बदललं असेल तर पोर्टलवर पत्ता आधी बदला आणि मग मुदतवाढीचा अर्ज करा.

1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आणि 1946 चा जुना परदेशी नागरिक कायदा गेला. इंटरनेटवरच्या हमीपत्राच्या नमुन्यांत अजून जुन्या कायद्याची कलमं दिसतात. पत्रात कलम लिहायची गरजच नाही, हमीपत्रात लिहायचं असेल तर नवं बघून लिहा.

अर्ज गेल्यावर पोर्टलवर शंका आली, तर नवं अख्खं पत्र करून पाठवू नका. दोन पत्रांतला छोटा फरकही पुढची शंका जन्माला घालतो. मूळ पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून, विचारलेल्या मुद्द्याचंच तीन-चार ओळींत उत्तर द्या, त्याच सहीदाराच्या सहीने, आणि सोबत त्या मुद्द्याचा एक कागद. पगाराबद्दल विचारलं तर सीएकडून वर दाखवला तसा हिशोब एका पानावर सही-शिक्क्यानिशी घ्या: भारतातला भाग, जपानमधला भाग, घराचं मूल्य, बेरीज, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो फॉर्म 16 मध्ये कुठे आहे ते.